सॅच्युरेशन 97, पण मान उचलत नाही: मायस्थेनियाच्या रुग्णाची एक रात्र

रात्री आठला ड्यूटी घेताना दिवसपाळीच्या सिस्टरने सांगितलं, "बेड सहा, मायस्थेनिया, चार दिवस खोकला-ताप, सॅच्युरेशन 98, स्टेबल." बेड सहावरच्या काकू उशांना टेकून बसल्या होत्या. वय 46, वजन 50 किलो. मी विचारलं, "काकू, जेवलात का?" त्यांनी मान हलवली आणि बोटाने ताटाकडे दाखवलं. अर्धी चपाती तशीच होती. हनुवटीखाली त्यांनी डाव्या हाताची मूठ टेकवली होती.

त्या मुठीकडे बघून मी खुर्ची ओढून तिथेच बसले.

या काकू म्हणजे कोणी एक व्यक्ती नाहीत. न्यूरॉलॉजी वॉर्डातल्या अनेक रात्रींमधून जोडून हे उदाहरण उभं केलं आहे. पण त्या रात्री जे जे घडलं म्हणून पुढे सांगते, ते मायस्थेनियात असंच घडतं.

आधी आजार थोडा समजून घेऊ. स्नायू हलवायचा असेल तर मज्जातंतूच्या टोकाकडून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतं. हा निरोप पोचला की स्नायू आकसतो. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून बहुतेकदा याच ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. ग्राहक कमी होतात आणि निरोप अर्धवट पोचतो. सलग वापरात मज्जातंतू दर खेपेला थोडं कमी रसायन सोडतो. तसं ते सगळ्यांचंच होतं, पण निरोगी माणसाकडे ग्राहकांचा साठा भरपूर असल्यामुळे जाणवत नाही. मायस्थेनियाच्या रुग्णाकडे तो साठाच उरलेला नसतो.

उन्हाळ्यात आटत आलेली विहीर आठवा. पहाटे गेलात तर पहिल्या आठ-दहा कळश्या नीट भरतात, नंतर पोहरा गाळाला घासायला लागतो. तासभर थांबलात की झिरपून पुन्हा पाणी जमतं. या आजारातली ताकद तशीच वागते. वापरली की संपते आणि विसावा दिला की थोडी परत येते. म्हणून सकाळी उघडे असलेले डोळे संध्याकाळी मिटायला लागतात, पहिले चार घास नीट चावले जातात आणि पाचव्याला जबडा लोंबतो. काकू हनुवटीला मूठ लावून बसल्या होत्या ती याच कारणाने. चावून चावून जबडा दमला होता आणि मानही.

यात आमच्या कामाची एक अडचण आहे. डॉक्टरांचा राऊंड सकाळी दहाला होतो. तेव्हा रुग्ण रात्रभर विसावलेला असतो, सकाळची गोळीही लागू पडलेली असते. डॉक्टरांना दिवसातला सगळ्यात चांगला तास दिसतो. सगळ्यात वाईट तास संध्याकाळनंतर येतो आणि तेव्हा समोर सिस्टर किंवा घरचं माणूस असतं. रात्रीची निरीक्षणं वेळ टाकून लिहावी लागतात ती त्यासाठी.

काकूंना पायरिडोस्टिग्मिन चालू होतं, 60 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून पाच वेळा. अ‍ॅसिटिलकोलिनचं विघटन ही गोळी रोखते, म्हणजे आहे तेवढं रसायन जास्त वेळ टिकतं. या तऱ्हेच्या औषधाचा मायस्थेनियातला गुण 1934 मध्ये लंडनमधल्या ग्रीनिचच्या एका रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरांच्या लक्षात आला. क्युरारे या विषाने होणारा अशक्तपणा आणि हा आजार सारखेच दिसतात, मग त्या विषावरचा उतारा इथे का चालू नये, असा त्यांचा विचार होता. त्यांनी फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णाची ताकद काही वेळापुरती परत आली. आजची गोळी त्याच घराण्यातली आहे. ती अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तिचा जोर तीन-चार तास राहतो. आजाराच्या मुळावर मात्र ती काहीच करत नाही.

म्हणून वेळ पाळायची. वॉर्डाची औषधांची फेरी आठ, दोन, आठ अशी असते, काकूंच्या गोळ्या मात्र सहा, दहा, दोन, सहा, दहा अशा. फेरीच्या सोयीसाठी सहाची गोळी आठला दिली तर मधले दोन तास त्या गोळीविना असतात, आणि नेमकं सातला ताट येतं. त्या संध्याकाळी तसंच झालं होतं. सहाची गोळी सव्वासातला, जेवणाबरोबर दिली गेली. गोळी आधी, मग पाऊण तासाने जेवण, असं झालं असतं तर घशाचे स्नायू जेवताना सगळ्यात जोरात असते. नेमकं उलट झालं. काकूंना दोनदा ठसका लागला आणि एकदा पाणी नाकातून आलं. मुलाने हे सांगितलं ते मी विचारल्यावर. तोवर कागदावर त्याची नोंद नव्हती.

नाकातून पाणी येणं ही किरकोळ गोष्ट नाही. गिळताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो. तो उचलला गेला नाही की पाणी नाकात जातं आणि आवाजही नाकातून येतो. त्याच वेळी स्वरयंत्रावरचं झाकण नीट बसत नसेल तर पाणी श्वासनलिकेत उतरतं. निरोगी माणूस जोरात खोकून ते बाहेर टाकतो. इथे खोकल्याचे स्नायूही दमलेले असतात, त्यामुळे खोकला फुसका निघतो. काही वेळा ठसकासुद्धा लागत नाही आणि अन्न गुपचूप फुप्फुसात जातं. म्हणून "ठसका नाही, म्हणजे गिळतंय" असं मी मानत नाही. घोट घेतल्यावर मी रुग्णाला "आऽऽ" म्हणायला लावते. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला तर पाणी स्वरयंत्राजवळ साचलेलं आहे. तोंडात बॅटरी मारून गालाच्या कोपऱ्यात घास राहिलाय का ते बघते. थुंकी गिळली जाते की रुमालात पुसली जाते, हेही बघते. काकूंच्या उशीजवळ तीन ओले रुमाल होते.

मी तोंडाने देणं थांबवलं. उरलेली चपाती, पाणी, सगळंच. आरएमओंना, म्हणजे रात्रीच्या निवासी डॉक्टरांना, फोन करून सांगितलं, "गिळणं सुरक्षित नाही, रात्री दहाची गोळी राईल्स ट्यूबमधून द्यावी लागेल." साधी गोळी कुटून नाकातून पोटात जाणाऱ्या या नळीतून देता येते. दीर्घकाळ झिरपणारी गोळी असते ती मात्र कुटायची नाही, कारण सगळं औषध एकदम सुटतं. नळी टाकायचा निर्णय डॉक्टरांचा. पण रात्री नऊ वाजता घशात पाणी साचलेल्या माणसाला "एवढी गोळी गिळा हं" म्हणणं, यातूनच न्यूमोनिया सुरू होतो.

गिळण्याचं बघून झालं की श्वासाकडे वळायचं. दोन्ही एकाच धाग्यात आहेत.

काकूंच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 98 दाखवत होता. हा आकडा खरा असतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. रक्तात ऑक्सिजन किती आहे एवढंच तो सांगतो. छातीचा भाता किती दमलाय हे सांगत नाही. मायस्थेनियात फुप्फुसं चांगली असतात, कमी पडतो तो भाता, म्हणजे श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू. श्वास उथळ झाला तरी निरोगी फुप्फुसं बराच वेळ ऑक्सिजन पुरवत राहतात. त्यातून नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर आकडा आणखी उशिरा पडतो. मधल्या काळात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. ज्या क्षणी सॅच्युरेशन खाली येतं, त्या क्षणी भाता बंद पडायच्या बेतात असतो.

रक्तवायूंच्या तपासणीतही एक फसवी जागा आहे. सुरुवातीला माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. धाप लागलेल्या रुग्णाचा हा आकडा "नॉर्मल" आला तर मी घाबरते. एवढी मेहनत करूनही तो जेमतेम नॉर्मल ठेवता येतोय, असा त्याचा अर्थ आहे.

मग भाता मोजायचा कसा? पहिली पद्धत फुकट आहे. रुग्णाला बसवायचं, खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावायचे, सेकंदाला साधारण दोन. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. साधारण 20 च्या आत आला तर श्वासाची ताकद चांगलीच घटली असं धरतात. मराठीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपले "एकोणतीस", "सदतीस" उच्चारायला लांब असतात आणि काही जण वीसनंतर अडखळतात. त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा रुग्णाचा स्वतःचा आधीचा आकडा महत्त्वाचा. दर वेळी तीच भाषा, तोच वेग, तीच बसण्याची पद्धत ठेवायची. काकू रात्री आठला 28 पर्यंत गेल्या.

दुसरी पद्धत म्हणजे मान. रुग्णाला पाठीवर झोपवून डोकं उशीवरून उचलून धरायला सांगतात. निरोगी माणूस दोन मिनिटं धरतो. श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघतो आणि मान पुढे वाकवणाऱ्या स्नायूंचे तंतू त्याच शेजारातून येतात. म्हणून मान ढिली पडते तेव्हा आत श्वासपटलही ढिलं पडत असण्याची शक्यता मोठी असते. मान आपल्याला दिसते, श्वासपटल दिसत नाही. ज्याला आडवं झाल्यावर गुदमरतं त्याला या तपासणीसाठी झोपवायचं नाही. बसल्या जागी कपाळावर आपला तळहात ठेवायचा आणि "ढकला" म्हणायचं. काकूंनी ढकललं, पण मला ते जेमतेम जाणवलं.

तिसरी पद्धत स्पायरोमीटर. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण बाहेर टाकलेली हवा त्यावर मोजतात. निरोगी माणसात ती किलोमागे साठ-सत्तर मिलिलिटर असते, म्हणजे 50 किलोच्या माणसात तीन लिटर किंवा थोडी जास्त. किलोमागे 20 मिलिलिटरच्या खाली गेली, किंवा आधीच्या मोजणीपेक्षा 30 टक्क्यांनी घसरली, तर व्हेंटिलेटरची तयारी करायची वेळ आली असं मानतात. काकूंसाठी तो आकडा एक लिटर. ओठांचे स्नायू कमजोर असले की तोंडातल्या नळीभोवतून हवा गळते आणि आकडा खोटा कमी येतो, तेव्हा नळीऐवजी मास्क लावून मोजतात. तीन रंगीत चेंडूंचं खेळणं मिळतं ते व्यायामासाठी असतं, त्यावर हे मोजमाप होत नाही.

त्या रात्रीची माझी वही अशी होती. आठ वाजता 1.7 लिटर, मोजणी 28, श्वास मिनिटाला 20, सॅच्युरेशन 98. बारा वाजता 1.4 लिटर, मोजणी 22, श्वास 24, सॅच्युरेशन 97. दोन वाजता 1.15 लिटर, मोजणी 16, श्वास 30, सॅच्युरेशन 97.

शेवटचा आकडा झाकून बाकीचे वाचा, म्हणजे काय चाललं होतं ते दिसेल. 1.7 चे सत्तर टक्के म्हणजे 1.19. दोन वाजता काकू त्याच्या खाली होत्या. एक लिटरची रेषा अजून ओलांडली नव्हती, पण उताराचा वेग बघता तासा-दीडतासात ओलांडली असती. बाराचा आकडा आला तेव्हाच मी आरएमओंना वर बोलावलं होतं आणि न्यूरॉलॉजिस्टना फोन गेला होता. आयसीयूत बेड तयार ठेवला होता.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट चेहऱ्याची आहे. दम्याचा रुग्ण गुदमरला की डोळे विस्फारतो, कपाळाला आठ्या पडतात, खोलीतल्या सगळ्यांना कळतं. मायस्थेनियात चेहऱ्याचे स्नायूच कमजोर असतात. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, गाल सपाट, ओठ ढिले. आत भीतीने जीव कासावीस झालेला असतो आणि बाहेरून माणूस पेंगतोय असं वाटतं. दोन वाजता मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, आई आता शांत झालीय, डोळा लागलाय बहुतेक." मी पांघरूण बाजूला केलं. श्वास आत घेताना छाती वर येत होती आणि पोट आत जात होतं. पोट बाहेर यायला हवं. श्वासपटल खाली ढकलायचं सोडून वर ओढलं जातंय, याची ती खूण. मी कानाशी जाऊन विचारलं, "काकू, झोप येतेय की दमलात?" त्या एक शब्द बोलल्या, मग श्वास घेतला, मग दुसरा. "दम... लेय."

मुलाने आणखी एक गोष्ट विचारली. घरी त्रास वाढला की ते लोक एक जादा गोळी देत असत. "अजून एक देऊ का?" नाही. गोळी फार जास्त झाली तर तिचीच विषबाधा होते. तोंडाला पाणी सुटतं, पोटात कळा येतात, जुलाब होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी ताकद आणखी कमी होते. हल्लीच्या डोसमध्ये असं क्वचित घडतं, पण ज्याला लाळ गिळता येत नाही त्याला थोडी जादा लाळही धोक्याची. शिवाय क्रायसिस चालू झाल्यावर, तो आजाराने असो की जादा गोळीने, आधी करायचं काम एकच आहे, श्वासाला आधार देणं. गोळीची वाट बघत अर्धा तास घालवायचा नसतो.

क्रायसिस म्हणजे नेमकं हेच. ताकद इतकी कमी होणं की श्वास यंत्राच्या आधाराशिवाय चालत नाही. मायस्थेनियाच्या दर पाच-सहा रुग्णांपैकी एकावर कधी ना कधी ही वेळ येते, बहुतेकदा आजाराच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. काकूंवर ती का आली, याचं उत्तर मुलाच्या पिशवीत होतं. खोकल्यासाठी घराजवळ तीन दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळालं होतं. छातीचा जंतुसंसर्ग हे क्रायसिसचं सगळ्यात नेहमीचं कारण, आणि हे अँटिबायोटिक मायस्थेनियात ताकद आणखी खाली ओढू शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन, क्लोरोक्वीन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या, हीसुद्धा त्याच यादीतली. स्टेरॉइड तर आजारावरचंच औषध आहे, पण मोठ्या डोसने सुरू केलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्रास वाढू शकतो. औषध देणाऱ्याला "मायस्थेनिया आहे" हे सांगितलं गेलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. यादी पाकिटात ठेवणं एवढं करता येतं.

पावणेतीनला काकूंना आयसीयूत हलवलं. घशात लाळ साचत असल्यामुळे मास्कने श्वास देण्यात ती फुप्फुसात ढकलली जाण्याचा धोका होता, म्हणून भूलतज्ज्ञांनी शांतपणे, ठरवून, श्वासनलिकेत नळी घातली. ठरवून हा शब्द मी मुद्दाम वापरते. नाहीतर हेच पहाटे पाचला, सॅच्युरेशन 70 वर आल्यावर, छातीवर दाब देत करावं लागलं असतं. यंत्र लागल्यावर पायरिडोस्टिग्मिन बंद केलं, कारण आता ते फक्त लाळ आणि कफ वाढवणार होतं. मग शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, सुरू झालं, किलोमागे एकूण 2 ग्रॅम, म्हणजे काकूंना 100 ग्रॅम, रोज 20 असं पाच दिवस. दुसरा मार्ग प्लाझ्मा बदलण्याचा, ज्यात रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडंच यंत्राने काढून टाकतात. दोन्हींचा गुण यायला काही दिवस जातात. तेवढे दिवस यंत्राने भाता चालवायचा असतो.

घरी हे वाचणाऱ्यांसाठी एवढं सांगते. आडवं झालं की गुदमरणं, एका वाक्यात दोनदा श्वासाला थांबावं लागणं, आवाज नाकातून येणं, थुंकी गिळता न येणं, डोकं हाताने सावरावं लागणं. यातलं काहीही नव्याने दिसलं किंवा काही तासांत वाढलं, तर ऑक्सिमीटर 97 दाखवत असला तरी रात्रीच निघायचं, आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयातच जायचं. 108 ला फोन करताना "दम लागतोय" एवढंच न म्हणता "मायस्थेनिया आहे, श्वास कमी पडतोय" असं सांगायचं. वाटेत रुग्णाला आडवं झोपवायचं नाही, तोंडात पाणी घालायचं नाही.

काकूंची नळी नवव्या दिवशी निघाली. नळी निघाली म्हणजे गिळणं आलं असं नसतं, म्हणून आणखी तीन दिवस सगळं नाकातल्या राईल्स ट्यूबमधूनच दिलं. त्यानंतर एका सकाळी, आता पुन्हा सुरू झालेली सहाची गोळी सहालाच दिली आणि पावणेसातला त्यांना ताठ बसवलं. हनुवटी थोडी छातीकडे घ्यायला सांगितली आणि घट्ट पेजेचा अर्धा चमचा दिला. गिळून झाल्यावर "आऽऽ" म्हणायला लावलं. आवाज कोरडा होता. दुसरा चमचा दिला. सहाव्या चमच्याला जबडा रेंगाळायला लागला, तिथे थांबलो, बाकीची पेज नळीतून गेली. मग एका श्वासात मोजून घेतलं. एकतीस. वहीत वेळ टाकली, सहा पंचावन्न.